ई-मेल उपसताना दोन मिनिटांचा नियम: सोडायचं काय, आत्ता काय, नंतर काय

नियम एका वाक्यात मावतो. मेल वाचल्यावर त्यातलं काम दोन मिनिटांत पूर्ण होणार असेल तर ते तिथल्या तिथे उरकायचं, नाहीतर त्याला तारीख लावून पुढे जायचं. वाक्य इतकं सोपं असल्यामुळेच घोळ होतो. बरेच जण त्याचा अर्थ ‘मेल आला की लगेच उत्तर’ असा घेतात आणि दिवसभर आवाज झाला की हातातलं काम टाकून मेल उघडतात. संध्याकाळी ढीगभर उत्तरं गेलेली असतात आणि सीएला द्यायचं विक्री रजिस्टर होतं तिथेच असतं.

हा नियम मेल उपसायला बसतो तेवढ्या वेळेपुरताच लागू होतो, दिवसभर नाही. शिवाय तो दुसऱ्या नंबरवर येतो. आधी ‘हे मला करायचंच आहे का’ हा प्रश्न, मग घड्याळ. हा क्रम उलटा केला की नको असलेले मेलसुद्धा आपण इमानदारीने दोन-दोन मिनिटं देऊन उरकत बसतो.

खालची सगळी उदाहरणं एकाच प्रकारच्या ऑफिसातली आहेत: सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं टेरी टॉवेल निर्यात करणारं मध्यम ऑफिस, जिथे मर्चंडायझिंग, डिस्पॅच आणि निम्मं अकाउंट्स एकाच टेबलावर येतं. स्क्रीन कॉम्प्युटरवरच्या जीमेलची धरली आहे. तुमच्याकडे दुसरं काही असेल तर बटणांची जागा बदलेल, क्रम बदलणार नाही.

## पूर्वतयारी: एकदाच करायची कामं

तयारी न करता नियम लावायला गेलं की दोन मिनिटांतलं एक मिनिट माउस फिरवण्यातच जातं. म्हणून आधी जीमेलच्या `Settings` मध्ये `See all settings` उघडा आणि एवढं करून घ्या.

`General` मध्ये `Keyboard shortcuts on` करा. `Undo Send` ची वेळ ३० सेकंद ठेवा, कारण भराभर उत्तरं देताना चुकीच्या माणसाला मेल जाण्याची शक्यता वाढते. तिथेच `Send & Archive` चं बटण दाखवायचा पर्याय आहे, तो निवडा. म्हणजे उत्तर पाठवलं की मेल आपोआप इनबॉक्समधून हलतो. `Desktop notifications` बंद ठेवा.

`Advanced` मध्ये `Auto-advance` सुरू करा. हे फार थोड्यांना माहीत असतं आणि याच्याइतका फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. हे नसेल तर प्रत्येक मेल हलवल्यावर जीमेल तुम्हाला परत यादीत नेऊन सोडतं. यादी दिसली की नजर सगळ्यात सोप्या किंवा सगळ्यात भीतीदायक मेलकडे जाते आणि रांग मोडते. हे सुरू असेल तर थेट पुढचा मेल उघडतो. हे सेव्ह केल्यावर कुठल्या दिशेने जायचं ते `General` मध्ये निवडता येतं. वरून खाली जायचं असल्याने तिथे ‘जुन्या मेलकडे जा’ हा पर्याय निवडा. शेवटी `Save Changes` दाबायला विसरू नका. ते न दाबता पान बंद केलं तर काहीच सेव्ह होत नाही.

सुरुवातीला एवढ्या कळा पुरे:

```
e   इनबॉक्समधून हलवा (आर्काइव्ह)
#   डिलीट
r   उत्तर
f   फॉरवर्ड
b   स्नूझ
m   म्यूट
```

आता पुढे ढकललेल्या कामांसाठी तीन जागा ठरवा. एक कॅलेंडर, ज्यात फक्त ठरलेल्या तारखेची किंवा ठरलेल्या वेळेची कामं जातील. दुसरी कामांची यादी, मग ती `Tasks` मध्ये असो की टेबलावरच्या लांब वहीत. तिसरं ‘उत्तरबाकी’ नावाचं एक लेबल, ज्यात चेंडू दुसऱ्याच्या कोर्टात असलेले मेल राहतील. लेबलं यापेक्षा जास्त करू नका. ग्राहकवार, देशवार, महिनावार अशी लेबलं करणाऱ्यांचा अर्धा वेळ ‘हा मेल कुठल्या खणात’ या विचारात जातो, आणि शोधायची वेळ आली की ते शेवटी सर्चच वापरतात.

उरतो तो जुना ढीग. हजारो मेलांवर दोन मिनिटांचा नियम लावायचा नसतो. सर्चमध्ये हे टाका:

```
in:inbox older_than:30d from:gov.in
```

जीएसटी, आयकर वगैरे सरकारी खात्यांचे इनबॉक्समध्ये पडून राहिलेले मेल यात दिसतील. ते नीट बघा. त्यानंतर शेवटचा भाग काढून फक्त `in:inbox older_than:30d` शोधा, सगळे निवडा आणि आर्काइव्ह करा. पहिल्या पानाच्या वर, शोधात सापडलेले सगळे मेल निवडण्याची ओळ येते, ती दाबली नाही तर फक्त समोरचं पान हलतं.

तपासा: आर्काइव्ह म्हणजे डिलीट नव्हे. मेल `All Mail` मध्ये राहतो, सर्चमध्ये सापडतो आणि त्यावर कुणी उत्तर दिलं तर परत इनबॉक्समध्ये येतो. डिलीट केलेला मेल मात्र `Trash` मध्ये ३० दिवसच राहतो. हा फरक डोक्यात पक्का नसेल तर हात अडखळतो, म्हणून एखादा बिनकामाचा मेल आर्काइव्ह करून परत शोधून बघा.

## पायरी १: वेळ बांधा आणि रांग मोडू नका

दिवसातून दोन किंवा तीन वेळा बसा, प्रत्येक वेळी अर्धा तास. निर्यातीच्या ऑफिसात सकाळी १० आणि दुपारी ३ ही वेळ बरी पडते. युरोपातल्या ग्राहकाला सकाळी दहाच्या ठोक्याला उत्तर देण्याची घाई करण्यात अर्थ नसतो. हिवाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, म्हणजे आपल्याकडे दहा वाजलेले असतात तेव्हा तिथे पहाटेचे साडेपाच. दुपारी दीडच्या आत उत्तर गेलं की त्याच्या दृष्टीने ते ऑफिस उघडताक्षणीच आलेलं असतं.

बसलात की सगळ्यात वरचा मेल उघडा आणि एकेक करत खाली या. मधला मेल वगळायचा नाही. ‘हा नंतर बघू’ म्हणून वगळलेला मेल तिसऱ्यांदा वाचला जातो तेव्हा त्यावर घालवलेला वेळ दोन मिनिटांच्या पुढे गेलेला असतो.

राहिला आपल्याकडचा नेहमीचा फोन: ‘मॅडम, मेल टाकलाय, बघा की.’ अशा वेळी एवढंच विचारा, ‘आज काही अडलंय का?’ अडलं असेल तर तो एक मेल बघा आणि बंद करा. नसेल तर ‘तीन वाजता बघून सांगते’. फोन आला म्हणून अख्खा इनबॉक्स उघडायचा नाही.

## पायरी २: पहिला प्रश्न, याचं माझ्याकडून काही हवंय का?

मेल वाचून संपला की घड्याळाचा विचार करू नका. आधी हे ठरवा की कुणाला माझ्याकडून कृती, उत्तर किंवा निर्णय हवा आहे का. नसेल तर दोनच वाटा: पुढे कधी बघावं लागेल असं वाटलं तर `e`, अजिबात नाही तर `#`. शंका असेल तर `e`. जागा भरायची भीती बाळगून प्रत्येक मेलपाशी थांबू नका, जागा खातात ती मोठी अटॅचमेंटं. ती वर्षातून एकदा `has:attachment larger:10M` शोधून काढता येतात.

सोडायचे मेल ओळखायला अवघड जातात ते दोन प्रकारचे. पहिला म्हणजे माहितीसाठी सीसीमध्ये आलेले. ‘आपल्याला सीसी केलंय म्हणजे काहीतरी बोललं पाहिजे’ ही सवय सोडा. ‘Noted’ एवढंच लिहून पाठवलेला मेल दहा जणांच्या इनबॉक्समध्ये दहा नवे निर्णय तयार करतो. दुसरा प्रकार म्हणजे लांबत गेलेली साखळी, जिच्याशी तुमचा संबंध संपलाय. तिला `m` दाबून म्यूट करा. पुढची उत्तरं इनबॉक्समध्ये येणार नाहीत, फक्त तुम्हालाच उद्देशून आलेलं असलं तर दिसेल.

सावधान: ओळखीच्या कंपनीच्या जाहिरातीवर `Unsubscribe` जरूर दाबा, ते काम दोन मिनिटांत बसतं आणि पुढचे सगळे मेल वाचवतं. अनोळखी, संशयास्पद मेलमधल्या लिंकवर मात्र ‘बंद करा’ म्हणूनही क्लिक करू नका. तिथे `Report spam` वापरा.

## पायरी ३: पुढची कृती नेमकी काय, आणि तिला खरंच किती वेळ लागेल?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबू.

काहीतरी करायचं आहे हे ठरल्यावर मनात एक वाक्य पूर्ण करा: ‘आता मी ___ करणार.’ त्या जागी ठोस क्रियापद आलं पाहिजे. ‘हे प्रकरण बघणार’ चालणार नाही. ‘डाइंगला फोन करून नेव्ही ब्लूची बॅच कधी सुटणार ते विचारणार’ हे चालेल. वाक्य पूर्ण होत नसेल तर मेल तुम्हाला अजून कळलेलाच नाही. तो परत वाचा.

वाक्य पूर्ण झालं की वेळेचा अंदाज. इथे लोक टायपिंगचा वेळ मोजतात. मोजायचा असतो मेल वाचून झाल्यापासून तो इनबॉक्समधून हलेपर्यंतचा वेळ. फाइल शोधणं, कुणाला विचारणं, निर्णय घेणं, अटॅचमेंट लावणं, परत एकदा वाचणं, हे सगळं त्यात येतं.

म्हणून काही मेल दिसतात दहा सेकंदांचे आणि असतात अर्ध्या दिवसाचे. ग्राहक विचारतो, ‘माल दोन आठवडे आधी निघेल का?’ उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’, एक शब्द. पण त्या ‘हो’च्या मागे लूम मोकळे आहेत का, सूत आलंय का, डाइंगची रांग किती लांब आहे, कंटेनर मिळेल का, असे चार विभाग उभे असतात. शब्द छोटा असला तरी ती बांधिलकी आहे, आणि बांधिलकी दोन मिनिटांच्या खात्यात घ्यायची नाही.

याच्या उलटही असतं. लांबलचक, तीन परिच्छेदांचा मेल बघून आपण तो ‘सावकाश बघू’ म्हणून ढकलतो आणि शेवटी त्यात फक्त जुन्या इनव्हॉइसची प्रत मागितलेली निघते. म्हणून मेलची लांबी बघून ठरवू नका, वाक्य पूर्ण करूनच ठरवा.

दोनच मिनिटं का, दहा का नाही? कारण मेल पुढे ढकलायलाही खर्च येतो: नोंद करणं, तारीख लावणं, नंतर ती नोंद शोधणं, मेल परत उघडून परत समजून घेणं. हा खर्च साधारण एवढाच भरतो. काम त्याहून छोटं असेल तर ढकलणंच महाग पडतं. हा आकडा काही दगडावरची रेघ नाही. दिवस गर्दीचा असेल तर मर्यादा एक मिनिटावर आणा, शनिवारची निवांत दुपार असेल तर पाचवर न्या. मात्र बसायच्या आधी ठरवा. मेल बघून मर्यादा ताणली तर ती मर्यादा राहत नाही.

तपासा: पहिला आठवडाभर मोबाइलवर दोन मिनिटांचा टायमर लावून बघा. घंटा झाली आणि काम अर्धवट असेल तर तिथेच थांबा, उरलेलं यादीत टाका. कुठल्या प्रकारच्या कामात अंदाज चुकतो ते लगेच कळतं. बहुतेकांचा चुकतो तो ‘फक्त एक फाइल जोडायची आहे’ या कामात, कारण फाइल कुणाच्या कॉम्प्युटरवर आहे हे माहीत नसतं.

## पायरी ४: दोन मिनिटांतलं आत्ताच, आणि पूर्णच

दोन मिनिटांत करायचं ठरलं तर शेवटपर्यंत न्या. ट्रान्सपोर्टवाल्याचा एलआर, म्हणजे माल गाडीत भरल्याची पावती, आला असेल तर तो इनव्हॉइस नंबरच्या फोल्डरमध्ये सेव्ह करा, सीएचएला, म्हणजे कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटला, फॉरवर्ड करा, मेल आर्काइव्ह करा. तिन्ही गोष्टी झाल्या तरच काम झालं. सेव्ह केलं पण फॉरवर्ड राहिलं तर दुपारी न्हावा शेवाहून फोन येतो आणि तोच मेल परत शोधावा लागतो.

उत्तर लिहिताना विचारलेल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं एकाच मेलमध्ये द्या. तीन प्रश्नांपैकी एकाचं उत्तर देऊन मेल मोकळा केला की दोन मेल परत येतात. एका मिनिटात उरकल्याचा आनंद दुसऱ्या दिवशी चार मिनिटांनी फिटतो.

नेहमी तेच तेच लिहावं लागत असेल, म्हणजे बँकेचा तपशील, सॅम्पलची कुरिअर पद्धत, पेमेंटच्या अटी, तर `Advanced` मधून `Templates` सुरू करून मजकूर ठेवून द्या. पाच मिनिटांची उत्तरं मग दोन मिनिटांत बसतात.

सावधान: काही मेल कितीही छोटे असले तरी दोन मिनिटांच्या नियमात आणायचे नाहीत.

‘आमचं बँक खातं बदललंय, पुढचं पेमेंट या खात्यावर करा’ असा पुरवठादाराचा मेल. खातं बदलून सेव्ह करायला एक मिनिट लागतं आणि फसवणूक करणारे नेमकं त्याच घाईवर जगतात. मेल खरा वाटतो, कधी कधी जुनी साखळीही खाली जोडलेली असते, पाठवणाऱ्याच्या पत्त्यात एखादं अक्षर इकडचं तिकडे असतं. खरोखर त्याच पत्त्यावरून आला असला तरी पुरवठादाराचंच खातं कुणी फोडलेलं असू शकतं. मेलमधल्या नंबरवर फोन करू नका. जुन्या बिलावरचा किंवा तुमच्याकडे आधीपासून असलेला नंबर लावा आणि ओळखीच्या माणसाशी बोला. तोवर जुन्या खात्यावरही आणि नव्या खात्यावरही पैसे टाकू नका.

दर सांगायचा किंवा मान्य करायचा मेल. आणि राग आलेला असताना लिहायचा मेल, जो दीड मिनिटात झकास लिहिला जातो. तो लिहून ड्राफ्टमध्ये ठेवा, पाठवण्याचं काम यादीत उद्यासाठी टाका.

## पायरी ५: नंतरचं म्हणजे तारखेसकट नंतरचं

दोन मिनिटांत न बसणारा मेल न वाचलेला म्हणून खूण करून ठेवणं ही सगळ्यात जास्त चालणारी आणि सगळ्यात निरुपयोगी पद्धत आहे. चांदणी लावणं हा तिचाच भाऊ. दोन्हीत काय करायचं आणि कधी, हे कुठेच लिहिलेलं नसतं, त्यामुळे प्रत्येक वेळी मेल उघडून परत विचार करावा लागतो.

त्याऐवजी तीन जागांपैकी एकीत टाका. तारीख किंवा वेळ ठरलेली असेल तर कॅलेंडरमध्ये, आणि तिथे शेवटची तारीख नव्हे तर काम *करायची* वेळ लिहा. ११ तारखेला जीएसटीआर-१ भरायचा आहे अशी नोंद तुम्हाला ११ तारखेला सकाळी धावपळ करायला लावते. ६ तारखेला तीन ते चार ‘विक्री रजिस्टर काढणे’ ही नोंद काम करून घेते. तारीख नसलेलं काम यादीत जाईल, पण पायरी ३ मधल्या पूर्ण वाक्यासकट. दुसऱ्याकडून काही यायचं असेल तर मेलला ‘उत्तरबाकी’ लेबल लावा. तिन्ही वेळी मेल स्वतः इनबॉक्समधून हलवा.

स्नूझ जपून वापरा. गुरुवारीच उपयोगी पडणारा मेल, उदाहरणार्थ गुरुवारच्या व्हिडिओ कॉलची लिंक, गुरुवारी सकाळी परत येईल असा स्नूझ करणं उत्तम. निर्णय घ्यायचा कंटाळा आला म्हणून ‘उद्या सकाळी’ करणं म्हणजे उद्याचा इनबॉक्स आजच भरून ठेवणं. एकच मेल दुसऱ्यांदा स्नूझ करावासा वाटला तर थांबा, त्याची पुढची कृती तुम्ही ठरवलेली नाही.

समोरचा वाट बघत असेल तर मोठ्या कामातूनही एक दोन मिनिटांचा तुकडा काढता येतो, पोच देण्याचा: ‘मेल मिळाला, बुधवारी दुपारपर्यंत कळवते.’ मात्र आधी बुधवारची नोंद कॅलेंडरमध्ये करा, मग पोच पाठवा. उलट क्रमाने केलं आणि मध्येच फोन वाजला तर नोंद राहून जाते, आणि दिलेली तारीख फक्त ग्राहकाच्या लक्षात राहते.

## एक सकाळ, मेल ते मेल

सोमवार, ६ तारीख, सकाळचे दहा. मर्चंडायझिंग बघणारी एक जण बसली आहे. इनबॉक्समध्ये वरून खाली आठ मेल आहेत.

पहिला, गड्ड्याच्या यात्रेच्या सुट्टीची नोटीस आणि त्यावर पाच जणांचं ‘ओके’. सुट्टीच्या तारखा तिने कॅलेंडरमध्ये टाकल्या आणि साखळी म्यूट केली. अर्धं मिनिट.

दुसरा, हॅम्बुर्गचा ग्राहक: पाठवलेल्या बाथ टॉवेल सॅम्पलचं एका नगाचं वजन किती? सॅम्पलची शीट समोरच आहे, ७० × १४० सेंटिमीटर, ५०० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला ५०० ग्रॅम. ०.७ गुणिले १.४ गुणिले ५००, म्हणजे ४९० ग्रॅम. काट्यावरचं वजनही शीटवर लिहिलेलं आहे, तिने दोन्ही कळवलं. दोन मिनिटांच्या आत, मेल हलला. शीटवर काट्याचं वजन नसतं आणि सॅम्पल रूममध्ये जाऊन बघावं लागलं असतं, तर हाच मेल यादीत गेला असता.

तिसरा, कुरिअरचा ट्रॅकिंग मेल. `e`.

चौथा, त्याच ग्राहकाची दुसरी ऑर्डर: माल दोन आठवडे आधी मिळेल का? बोटं ‘वी विल ट्राय’ लिहायला शिवशिवतात. तिने वाक्य पूर्ण केलं: ‘प्रॉडक्शन मॅनेजरना विचारणार की या ऑर्डरचं विणकाम आणि डाइंग कधी संपतंय.’ ते अकरापर्यंत शेडवर असतात. यादीत नोंद, कॅलेंडरमध्ये बुधवारी १२ वाजता ‘ग्राहकाला तारीख कळवणे’, मग पोच. तीन नोंदी मिळून दीड मिनिट, आणि कुणालाच काही कबूल केलेलं नाही.

पाचवा, एलआर. सेव्ह, सीएचएला फॉरवर्ड, आर्काइव्ह.

सहावा, सुताच्या व्यापाऱ्याचा दर, ‘आज संध्याकाळपर्यंतच’. निर्णय मालकांचा. तिने मेल पुढे पाठवला, वर एका ओळीत मागच्या खरेदीचा दर लिहिला, ‘उत्तरबाकी’ लेबल लावलं आणि कॅलेंडरमध्ये ४ वाजता आठवण ठेवली. नुसतं फॉरवर्ड करून सोडलं असतं तर संध्याकाळी ‘मला वाटलं तू बघतेयस’ हा संवाद ठरलेला होता.

सातवा, बॉक्स पुरवणाऱ्याचा ‘नवीन खातं’ मेल. उत्तर नाही. यादीत ‘जुन्या बिलावरच्या नंबरला फोन’, आणि अकाउंट्सवाल्याला उठून प्रत्यक्ष सांगितलं की तोवर पेमेंट थांबवा. एका खोलीत बसलेल्या माणसाला सांगायला मेलपेक्षा तोंड जलद.

आठवा, सीएच्या ऑफिसचा: मागच्या महिन्याचं विक्री रजिस्टर पाठवा, शनिवारी ११ तारीख आहे. काम पाऊण तासाचं. कॅलेंडरमध्ये आजच साडेतीन ते सव्वाचार, मग ‘आज संध्याकाळी पाठवते’ अशी पोच.

इनबॉक्स रिकामा व्हायला पाव तासाच्या आत-बाहेर लागलं. आठपैकी तीनच मेल खऱ्या अर्थाने दोन मिनिटांच्या नियमात आले: वजन, एलआर आणि सुट्टीची नोंद. प्रत्येक मेल ‘आत्ताच’ म्हणून उरकला असता तर चौथ्यापाशी शेडवर, सातव्यापाशी फोनवर आणि आठव्यापाशी टॅलीत शिरून दुपार झाली असती.

## अडलं तर

अर्धा तास संपला तरी इनबॉक्स भरलेला. हिशेब करा. तीस मेलपैकी वीस प्रत्येकी दोन मिनिटं घेत असतील तर चाळीस मिनिटं तिथेच गेली, अर्ध्या तासात ते बसणारच नाहीत. गर्दीच्या दिवशी मर्यादा एक मिनिटावर आणा आणि सोडणं व तारीख लावणं एवढंच करा. रोजच असं होत असेल तर नियमाचा दोष नाही, नको ते मेल जास्त येतायत. दर शनिवारी सर्वात जास्त सोडून दिलेल्या दोन प्रकारांसाठी `Filter messages like these` वापरून फिल्टर करा आणि त्यात `Skip the Inbox` निवडा.

इनबॉक्स रिकामा, पण कामं राहतायत. मेल यादीत जातायत, यादी कुणी उघडत नाही. सकाळी मेलच्या आधी यादी आणि कॅलेंडर बघायची सवय लावा, निदान पाच मिनिटं. कॅलेंडरमधल्या वेळेला दुसरं काम घुसलं तर नोंद पुसू नका, ओढून दुसऱ्या वेळेवर ठेवा.

समोरचे उत्तरच देत नाहीत. आठवड्यातून दोनदा हे शोधा:

```
label:उत्तरबाकी older_than:3d
```

जे निघतील त्यांना आठवण पाठवायला प्रत्येकी अर्धं मिनिट लागतं. जुन्याच साखळीत उत्तर द्या, नवा मेल काढू नका, म्हणजे समोरच्याला मागचा संदर्भ शोधावा लागत नाही. दुसऱ्या आठवणीनंतरही उत्तर नसेल तर तिसरा मेल पाठवू नका, फोन करा. काम झालं की लेबल काढा, नाहीतर महिन्याभरात ही यादीही दुसरा इनबॉक्स होऊन बसते.

मोबाइलवर मेल बघितला आणि हरवला. रिक्षात बसून मेल उघडला, वाचला, तो वाचलेला म्हणून फिका पडला आणि नंतर नजरेतून सुटला, ही तक्रार नेहमीची. मोबाइलवर फक्त सोडायचे मेल सोडा. अटॅचमेंट, फोल्डर, शीट यातलं काहीही लागणारं काम तिथे दोन मिनिटांत होत नाही. बाकीच्या मेलना हात न लावता ते इनबॉक्समध्येच राहू द्या. तुम्ही वगळाल ती रांग कॉम्प्युटरवरची नाही, आणि तीन वाजता ते वरून खाली येणारच आहेत.